नारळ वेगळा, खोबरं वेगळं: विमानाच्या बॅगेत पूजेचं सामान

महालक्ष्म्या जवळ आल्या की आमच्या भागातून पुण्या-बंगलोरकडे लेकाकडे निघालेल्या मंडळींचा एकच प्रश्न असतो: विमानात पूजेचं सामान कोणत्या बॅगेत टाकायचं? आणि त्याचं उत्तर दरवेळी कोणीतरी चुकीचं सांगतं: ‘हातात चालत नाही ना? मग मोठ्या बॅगेत टाका!’

अडकित्त्याला हे लागू आहे. त्याने कोणाला इजा होऊ शकते म्हणून तो हातातल्या बॅगेत नको. खाली सामानात गेला की माणसाचा हातच पोचत नाही, विषय संपला. पण कापराचा आणि खोबऱ्याचा धोका माणसाच्या हाताचा नाही, आगीचा आहे: कापूर ठिणगीने लगेच पेटतो, आणि खोबरं आपलं आपणच तापून पेट घेऊ शकतं. खाली जिथे कोणी बघायला नाही तिथे ते ठेवणं तर आणखी वाईट. म्हणून या दोन वस्तू हातातही नाही आणि मोठ्या बॅगेतही नाही.

कापराबद्दल फार सांगायला नको. ज्वालाग्राही घन पदार्थांत त्याची गणना आहे, आणि उघडा ठेवला तर नुसता हवेत उडून जातो हे घरोघरी माहीत आहे. ‘आमचा भीमसेनी आहे, शुद्ध आहे’ हे मात्र ऐकवत नाही. शुद्ध आहे म्हणून कमी जळतो का? तयार पूजा-किट घेतलं असेल तर उघडून बघा, त्यात कापराची पुडी आणि माचिस हमखास असते. आपल्याकडच्या नियमात माचिसही दोन्हीकडे बंद आहे.

खरा घोळ नारळाचा. ओला, पाणी असलेला नारळ हातातल्या बॅगेत अडवतात, पण मोठ्या बॅगेत जातो. सुकं खोबरं, मग ती ओटीतली वाटी असो की अख्खा गोटा, दोन्हीकडे नको. एकाच झाडाचं फळ, मग असं काहून? खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. हवा आणि थोडा ओलावा लागला की ते तेल हळूहळू गरम होतं, आणि ढिगात दाबून ठेवलं तर ती उष्णता बाहेर पडत नाही. मालवाहतुकीत खोबरं ‘आपोआप तापणारा पदार्थ’ म्हणून वेगळ्या वर्गात टाकलेलं आहे, धोकादायक मालाच्या यादीतला यूएन क्रमांक १३६३. ओल्या नारळात पाणी भरलेलं असतं, म्हणून तो या वर्गात येत नाही.

आता खरी गंमत. वर्षभर देवघरात कलशावर ठेवलेला नारळ सोबत न्यायचा असतो. बाहेरून तो नारळच, शेंडीसकट. पण आतलं पाणी आटलेलं असतं आणि खोबरं करवंटीपासून सुटलेलं असतं. कानाशी धरून हलवा. पाणी डचमळलं तर नारळ. आत काहीतरी सुटं खडखडलं तर तो गोटा, म्हणजे खोबरंच. तो गावातच नदीत सोडा किंवा प्रसाद करून खा, आणि लेकाकडे कलशावर नवा ठेवा. देवीला काही फरक पडत नाही.

‘पण नारळ तर आता हातातही चालते, बातमी आली होती!’ आली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ हातात न्यायची सूट दिली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंत आणि तपासणीच्या अटीवर. ती बातमी अजून मोबाईलवर फिरते आहे. तिच्यावर विसंबून नागपूरला सुरक्षा तपासणीत वाद घालू नका.

समजा आर्वीच्या काकू लेकीच्या ओटीचं सामान घेऊन निघाल्या. हळकुंडं, सुपारी, खारका, बदाम, ब्लाऊजपीस हातातल्या बॅगेत बिनधास्त. नारळ हलवून बघितला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, मग जुन्या लुगड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवला. पिशवी विसरू नये. बॅग आपटली आणि नारळ तडकला तर पाणी थेट पैठणीवर. खोबऱ्याची वाटी, कापूर, माचिस उतरल्यावर तिथल्या किराणा दुकानातून. वाटी घरूनच पाहिजे असा हट्ट असला तर एसटीने किंवा रेल्वेने कोणी जाणारं बघा.

हे लपवून नेण्यात अर्थ नाही. मोठी बॅगही एक्स-रेमधून जाते. गोल खोबरं पडद्यावर दिसलं की तुमच्या नावाची हाक येते, आणि सगळ्यांसमोर बॅग उघडावी लागते. काउंटरवर खोबरं आहे का विचारलं की सरळ सांगा.

उरलेलं थोडक्यात. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे माझ्या मते हातातच न्यावेत, खाली पोचे पडतात. चार्जिंगच्या विजेच्या समईची बॅटरी निघत असेल तर ती काढून हातातल्या बॅगेत घ्या. पॉवर बँकही हातातच, मोठ्या बॅगेत कधीच नाही.