रिमाइंडर वाजतो तो नक्की कोणाच्या घड्याळावर?

२०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल आमच्या आबांची हुकली. कोल्हापुरात राहून, पेठेत जन्म काढून, ही गोष्ट सांगायचीसुद्धा लाज वाटते. सामना रविवारी रात्री साडेबाराला हे त्यांना पाठ होतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांनी रिमोटवरचं गाईडचं बटण दाबलं, पडद्यावर आलेल्या वेळापत्रकात रविवारचं पान उघडलं, स्पोर्ट्स चॅनेलच्या ओळीत वर्ल्डकपचं नाव दिसल्यावर OK दाबून रिमाइंडर लावला आणि निर्धास्त झाले. रविवारी रात्री सेट-टॉप बॉक्स चालूच ठेवला होता, पण काहीच वाजलं नाही. पावणेतीनच्या पुढेमागे गल्लीत एकदम आरडाओरडा झाला तेव्हा ते खुर्चीतच जागे झाले. जर्मनीच्या गोत्झेने ११३ व्या मिनिटाला गोल मारला होता.

चूक आबांची होती, पण ती का झाली हे समजायला या गाईडचा इतिहास थोडा उकरावा लागतो.

पूर्वी कार्यक्रम कधी आहे हे पेपर सांगायचा. आतल्या पानावरच्या चौकोनात दूरदर्शनचे कार्यक्रम असत, आणि 'रविवार रात्री १२.३०' याचा अर्थ रविवारी जेवून, गप्पा मारून, न झोपता बसायचं असा होता. वाचणारा आणि छापणारा दोघांच्या डोक्यातली रात्र एकच होती. पडद्यावरचं गाईड निघालं ते अमेरिकेत. १९८१ मध्ये युनायटेड व्हिडिओ सॅटेलाइट ग्रुप या कंपनीने केबलवाल्यांसाठी 'इलेक्ट्रॉनिक प्रोग्रॅम गाईड' नावाचं चॅनेलच सुरू केलं. त्यावर दिवसभर वेळापत्रक खालून वर सरकत राहायचं. आपलं चॅनेल निघून गेलं, की यादी पुन्हा फिरून येईपर्यंत बसून राहायचं. पुढे ही यादी केबलवाल्याकडच्या अमिगा कॉम्प्युटरवर चालायची, आणि तो कोलमडला की त्याचा लाल एरर थेट गावभरच्या टीव्हीवर! त्या यादीत काही निवडता यायचं नाही, त्यामुळे रिमाइंडर लावायचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे रिमाइंडर आला डिजिटल प्रक्षेपणाबरोबर. युरोपातल्या डीव्हीबी या मानकात नव्वदच्या दशकात ठरलं, की चित्र-आवाजासोबत एक तक्ताही पाठवायचा. त्याला ईआयटी म्हणतात. 'आत्ता काय चालू आहे आणि पुढे काय' एवढा भाग दर दोन सेकंदांत एकदा तरी येतो, पुढच्या दिवसांचं वेळापत्रक त्याहून सावकाश फिरत असतं. लाइट जाऊन आल्यावर गाईड रिकामं दिसतं आणि हळूहळू भरतं ते याचमुळे. बॉक्स बिघडलेला नसतो. आपल्याकडे २००३ मध्ये डिश टीव्ही आणि २००६ मध्ये टाटा स्काय आलं, आणि या छत्र्यांबरोबर हे गाईड घराघरात शिरलं. केबलवर डिजिटल बॉक्सची सक्ती टप्प्याटप्प्याने झाली. मोठी शहरं संपल्यावर उरलेल्या शहरी भागाला ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती.

आता आबांच्या रात्रीकडे. त्या तक्त्यात प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात भारतीय वेळेत लिहिलेली नसते, ती ग्रीनविचच्या म्हणजे यूटीसी वेळेत असते. त्या वीकेंडला दोन सामने होते. तक्त्यात त्यांच्या वेळा अशा दिसणार:

```
DE 12 20 00 00
DE 13 19 00 00
```

पहिल्या दोन जोड्या म्हणजे दिवसाचा क्रमांक, उरलेल्या तीन म्हणजे तास, मिनिटं, सेकंद. पहिली ओळ १२ जुलैचे २० वाजलेले: ब्राझील आणि नेदरलँड्स, तिसऱ्या क्रमांकासाठी. दुसरी ओळ १३ जुलैचे १९ वाजलेले: जर्मनी आणि अर्जेंटिना, फायनल. बॉक्स त्यात साडेपाच तास मिळवतो. मग पहिला सामना होतो रविवार १३ तारखेला पहाटे दीडला, आणि फायनल सोमवार १४ तारखेला साडेबाराला. बॉक्सचा दिवस बारा वाजता बदलतो, आपला बदलतो झोपून उठल्यावर. आबांनी रविवारचं पान उघडलं आणि त्या पानावरचा वर्ल्डकपचा एकमेव सामना पकडला. तो तिसऱ्या क्रमांकाचा होता. फायनल सोमवारच्या पानावर, अगदी वरच्या टोकाला होती. रिमाइंडर शनिवारी रात्री दीडच्या सुमारास इमानदारीत आला असणार, पण तेव्हा घर झोपलेलं आणि बॉक्स स्टँडबायवर. बरेच बॉक्स स्टँडबायमध्ये रिमाइंडर दाखवतच नाहीत.

म्हणून मध्यरात्रीनंतरचं काहीही लावायचं असेल, तर नेहमी दुसऱ्या दिवशीच्या पानावर शोधावं आणि नावापुढचं AM वाचावं. लावल्यावर रिमाइंडरच्या यादीत जाऊन तारीख पाहिली, तर चूक तिथेच कळते.

दुसरा घोळ मराठी घरांत जास्त होतो, तो महाएपिसोडचा. गाईडमधली माहिती बॉक्स स्वतः शोधत नाही. चॅनेलचं वेळापत्रक, ज्याला टीव्हीच्या धंद्यात एफपीसी म्हणतात, ते डीटीएचवाल्याकडे पोचतं आणि तिथून तक्त्यात चढतं. समजा काकूंनी गुरुवारी बसून रविवारच्या रात्री आठच्या मालिकेला रिमाइंडर लावला. शुक्रवारी चॅनेलने ठरवलं, की रविवारी सात ते नऊ महाएपिसोड. तक्त्यात प्रत्येक कार्यक्रमाला एक क्रमांकही असतो. नवीन वेळापत्रकात तोच क्रमांक राहिला आणि बॉक्स क्रमांक तपासणारा असेल, तर रिमाइंडर आपोआप सातला सरकतो. क्रमांक बदलला, किंवा बॉक्सने फक्त चॅनेल आणि आठ ही वेळ लिहून ठेवली असेल, तर काकूंना आठला निरोप मिळतो आणि तोवर अर्धी मालिका संपलेली. बॉक्सने मालिका लक्षात ठेवलेलीच नव्हती, त्याने गुरुवारचं वेळापत्रक लक्षात ठेवलं होतं. ओळखायचं असं: शनिवारी पुन्हा गाईड उघडून त्या मालिकेच्या चौकटीवर घड्याळाची खूण आहे का ते बघायचं. खूण गायब असेल किंवा भलत्याच चौकटीवर बसली असेल, तर जुना रिमाइंडर काढून नवा लावायचा. काकूंना मी हे दोनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा मी सातपासूनच बसते की."

सामना लांबला तर काय, असंही लोक विचारतात. रिमाइंडरला फरक पडत नाही, तो सुरुवातीलाच वाजतो. मार खातं ते रेकॉर्डिंग. फायनलची चौकट सव्वादोनला संपते असं धरून रेकॉर्डिंग लावलं असतं, तर त्या रात्री जादा वेळ सुरू व्हायच्या आतच ते थांबलं असतं आणि गोत्झेचा गोल त्यात सापडला नसता. म्हणून सामन्यानंतरचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावून ठेवायचा.

आणि एक जागा अशी आहे, जिथे हे सगळं ज्ञान गुंडाळून ठेवावं लागतं. शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने सुरू झाले, की लोकल केबल चॅनेलवर ते थेट दाखवतात. गाईडमध्ये त्या चॅनेलच्या ओळीत दिवसभर एकच लांबलचक चौकट असते: No Information Available. त्यांच्यासाठी ईआयटीचा तक्ता कोणी भरतच नाही, आणि कार्यक्रमाची चौकटच नाही म्हटल्यावर OK दाबून लावायला काही उरत नाही. आबा त्या वेळा अजूनही तालमीच्या फळ्यावरून बघून येतात.