जातीच्या दाखल्याच्या ऑनलाइन अर्जासाठी जुनी कागदपत्रे मोबाइलवर स्कॅन करून एकच पीडीएफ कशी करावी

‘आपले सरकार’ पोर्टलवर जातीच्या दाखल्याचा अर्ज भरताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा जोडणे फारसे अवघड जात नाही, कारण ते कागद नवे आणि स्वच्छ असतात. अडचण येते ती आजोबांच्या कागदांपाशी. इतर मागास वर्गातील अर्जदाराला आपले कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्यापूर्वी महाराष्ट्रात राहत होते हे दाखवावे लागते, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. साहजिकच पुरावा म्हणून जोडायचा असतो तो पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकाची नक्कल, आणि असे दोन-तीन कागद अपलोडच्या एकाच चौकटीत एका फाइलमध्ये बसवायचे असतात.

अर्ज कोठे करायचा हेही त्याच तारखेवर ठरते. त्या दिवशी कुटुंबाचे सर्वसाधारण वास्तव्य ज्या उपविभागात होते, तेथील उपविभागीय अधिकारी दाखला देण्यास सक्षम असतात. त्यामुळे अर्जदार आज धनकवडीत राहत असला, तरी आजोबा पुरंदर तालुक्यातील असतील तर पुणे शहराचा उपविभाग निवडून चालत नाही, आणि चुकीच्या कार्यालयाकडे गेलेला अर्ज कागद कितीही स्वच्छ असले तरी परत येतो.

आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाचा अर्ज मी नुकताच भरून दिला, त्याचेच उदाहरण घेतो. एका फाइलमध्ये तीन कागद जायचे होते: आजोबांच्या १९५८ सालच्या शाळेच्या नोंदीचा बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेला हस्तलिखित उतारा, वडिलांचा लॅमिनेट केलेला शाळा सोडल्याचा दाखला आणि संगणकावर टाइप केलेली वंशावळ. चौकटीखाली लिहिले होते की फाइल किमान ७५ केबी आणि कमाल ५०० केबी असावी. कमाल मर्यादा सगळेच वाचतात, किमान मर्यादा मात्र नजरेतून सुटते, आणि फाइल नको तितकी बारीक केली की पोर्टल तीही नाकारते. दुसऱ्या पोर्टलवर मर्यादा वेगळी असू शकते, म्हणून स्कॅन करण्यापूर्वीच ती पाहून ठेवावी.

कागदाचा थेट फोटो काढण्याऐवजी स्कॅनची सोय वापरावी. अँड्रॉइड फोनवर गूगल ड्राइव्हमध्ये अधिकच्या चिन्हामागे स्कॅनचा पर्याय असतो, तर आयफोनवर नोट्समध्ये तो मिळतो. दोन्हीकडे कागदाच्या कडा ओळखून पान सरळ केले जाते आणि एकामागून एक पाने घेत एकच पीडीएफ तयार होते. पूर्वी घरोघरी असलेले कॅमस्कॅनर जून २०२० मधील बंदीच्या यादीत होते, त्यामुळे कोणी ते ॲप बसवण्याची फाइल पुढे पाठवली तर ती चालवून घेऊ नये. कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर जातीची आणि घरची कागदपत्रे ‘फुकट बारीक’ करून घेणे तर मला अजिबात पटत नाही.

उतारा चार घड्यांचा होता. तो रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवला, कारण घडीची सावली स्कॅनमध्ये काळी रेघ होऊन उमटते आणि ती नेमकी नोंदीच्या ओळीवरूनच जाते. सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर गडद निळी चादर पसरून तिच्यावर कागद ठेवला. पांढऱ्या टेबलावर फिकट कागदाची कड ॲपला सापडत नाही आणि खालचा कोपरा कापला जातो, जिथे बहुधा जावक क्रमांक आणि मुख्याध्यापकांची सही असते. डोक्यावरची ट्यूब बंद केली, नाहीतर फोनची आणि हाताची सावली कागदावर पडते. फोन अगदी जवळ न नेता कागदापासून सुमारे दीड फूट उंचीवर समांतर धरला. लॅमिनेट केलेल्या दाखल्यावर फ्लॅश टाकला की मधोमध पांढरा डाग पडतो, त्यामुळे फ्लॅश बंद ठेवून उजेड बाजूने येईल असा कागद फिरवला, आणि चकाकी गेल्याचे स्क्रीनवर दिसल्यावरच बटण दाबले. दाखल्याच्या मागे शेरा किंवा शिक्का असेल तर मागची बाजूही वेगळे पान म्हणून घ्यावी.

सर्वांत जास्त चुका होतात त्या फिल्टरमध्ये. कृष्णधवल फिल्टर लावला की पान एकदम झेरॉक्ससारखे स्वच्छ दिसते, फाइलही लहान होते, आणि म्हणून लोक तोच निवडतात. पण हा फिल्टर प्रत्येक ठिपक्याला काळा किंवा पांढरा ठरवतो, मधले काही ठेवत नाही. परिणामी उडालेली तपकिरी शाई आणि शाळेचा फिकट जांभळा गोल शिक्का पांढऱ्यात जमा होतो, तर कागदावरचे जुने डाग मात्र काळे ठिपके होऊन राहतात. आमच्या उताऱ्यात नेमके हेच झाले: पान उजळले, पण शिक्का नाहीसा झाला, आणि शिक्क्याशिवाय तो उतारा म्हणजे साधा कागद. शेवटी उतारा आणि दाखला रंगीत ठेवला व केवळ वंशावळीला कृष्णधवल फिल्टर लावला. फिल्टर प्रत्येक पानाला स्वतंत्र लावता येतो.

तयार झालेली फाइल अडीच एमबीच्या पुढे गेली. याचे कारण साधे आहे. आजच्या फोनचा फोटो सहसा १२० लाख ठिपक्यांचा असतो, तर ए-४ पान इंचाला १५० ठिपके या घनतेने वाचण्यासाठी १२४० गुणिले १७५४, म्हणजे सुमारे २२ लाख ठिपके पुरतात. ॲपमध्ये प्रतीचा दर्जा मध्यम करण्याची सोय असेल तर तेथेच तो कमी करावा. नसेल आणि घरात संगणकावर घोस्टस्क्रिप्ट हा पीडीएफ हाताळणारा प्रोग्राम असेल, तर फाइल बाहेर कोठेही न पाठवता पुढील आज्ञा तेच काम करते.

```
gs -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/ebook -dNOPAUSE -dBATCH -sOutputFile=purava.pdf mool.pdf
```

येथे `/ebook` म्हणजे चित्रे १५० च्या घनतेवर आणणे. `/screen` लावल्यास घनता ७२ वर येते आणि हस्ताक्षर वाचता येत नाही. आमची फाइल ४३० केबीवर आली. फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्यावे.

अपलोड करण्यापूर्वीची तपासणी मी नेहमी दुसऱ्या माणसाकडून करून घेतो, कारण आपल्याला मजकूर पाठ झालेला असतो आणि न दिसणारे अक्षरही दिसते. या वेळी त्या घरातील मुलीने मूळ कागद न पाहता मोबाइलवर पीडीएफ मोठी करून आजोबांचे नाव, जातीची नोंद, प्रवेशाची तारीख आणि रजिस्टर क्रमांक मोठ्याने वाचला आणि मी तो मूळ उताऱ्याशी ताडून पाहिला. रजिस्टर क्रमांकातील ७ तिने १ वाचला. तेवढे एक पान पुन्हा, खिडकीच्या अधिक जवळ, स्कॅन करावे लागले.

जो कागद मुळातच डिजिटल स्वाक्षरीचा आहे, उदाहरणार्थ पोर्टलवरूनच मिळालेला उत्पन्नाचा दाखला, त्याची प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करू नये, मिळालेली मूळ पीडीएफच त्याच्या चौकटीत जोडावी. दुसऱ्या फाइलशी जोडली की तिची स्वाक्षरी पडताळता येत नाही.

बारीक केलेली फाइल पोर्टलसाठी, पण अडीच एमबीची मूळ रंगीत फाइल पुसू नये. पुढे प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी जात वैधता प्रमाणपत्र काढताना जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीपुढे हेच जुने कागद पुन्हा द्यावे लागतात, आणि तेव्हा घडीवरचा तो उतारा आणखी एकदा उलगडण्याजोगा राहिलेला असेलच असे नाही.