‘सर, कॅम्पसचा थ्रीडी व्ह्यूअर करायचाय’: एका मेलमागचा पन्नास वर्षांचा इतिहास

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या बीई कॉम्प्युटरच्या मुलीने गाईडला मेल टाकला, आणि टाकायच्या आधी मला दाखवला. मजकूर साधारण असा: ‘सर, आमच्या ग्रुपला कॅम्पसचा रिअल-टाइम थ्रीडी व्ह्यूअर करायचाय, ब्राउझरमध्ये चालेल, गेटपासून आत येऊन लॅबपर्यंत फिरता येईल, मॉडेल ब्लेंडरमध्ये करू, दाखवायला थ्री जेएस वापरू.’ बाकी मेल मॉडेलबद्दलच होता, म्हणजे कुठली बिल्डिंग आधी, फोटो कुणी काढायचे वगैरे. रिअल-टाइम, म्हणजे आपण फिरू तसं चित्र लगेच बदलणं, हा शब्द फक्त एकदा, प्रोजेक्टच्या नावात. आणि या विषयाचा सगळा इतिहास त्याच शब्दाभोवती फिरतो. मॉडेल बनवणं कष्टाचं आहे पण ते होतं, खरा झगडा पहिल्यापासून हाच, की काय काढायचं नाही हे मशीनने झटकन कसं ठरवायचं.

सुरुवात 1974 पासून धरू. युटा विद्यापीठात एड कॅटमुल नावाच्या विद्यार्थ्याने पीएचडीत झेड-बफर मांडला. प्रत्येक पिक्सेलसाठी अंतर लक्षात ठेवायचं, नवीन येणारी गोष्ट जवळची असेल तर रंगवायची नाहीतर सोडून द्यायची. आज मोबाईलमधला ग्राफिक्स चिपसुद्धा हेच करतो. पण यात एक गोम आहे, भिंतीमागची खुर्ची दिसणार नसली तरी ती आधी चिपकडे पाठवावी लागते आणि मग ती नाकारली जाते, म्हणजे मेहनत वाया. 1976 मध्ये जिम क्लार्कने पेपर लिहिला की वस्तूंची उतरंड करा, पूर्ण बिल्डिंगच नजरेबाहेर असेल तर तिच्या आतलं काही तपासूच नका, आणि वस्तू लांब असेल तर तिचं कमी तपशिलाचं रूप वापरा. हाच पुढे सिलिकॉन ग्राफिक्स काढणारा क्लार्क.

आता मला सर्वात आवडणारा भाग. चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात फ्रेड ब्रुक्स यांच्या ग्रुपने 1980 च्या दशकात जी बिल्डिंग स्क्रीनवर फिरून दाखवली ती त्यांच्याच डिपार्टमेंटची होती, सिटरसन हॉल, आणि तेव्हा ती अजून बांधून झालेली नव्हती. चालण्यासाठी ट्रेडमिल, वळायला हँडलबार. लॉबीतली एक पार्टिशन जागा खाते असं तिथे बसणाऱ्यांना वाटत होतं, आर्किटेक्टना पटत नव्हतं, मॉडेलमध्ये फिरल्यावर पटलं आणि ती भिंत हलवली. थोडक्यात कॅम्पस व्ह्यूअर ही या क्षेत्रातली जवळपास पहिल्या पिढीची कल्पना आहे, म्हणून मेलमध्ये ‘नवीन संकल्पना’ असं लिहू नको म्हटलं तिला.

पण तेव्हाचं चित्र अडखळत चालायचं. तिथल्याच जॉन एअरी या विद्यार्थ्याने 1990 च्या प्रबंधात म्हटलं की बिल्डिंग खोल्यांमध्ये तोडा आणि प्रत्येक खोलीतून काय काय दिसू शकतं याची यादी आधीच काढून ठेवा. 1991 मध्ये बर्कलीला सेथ टेलर आणि त्याचे गाईड कार्लो सेकॅन यांनी ते नीट गणितात बसवलं: खोली म्हणजे सेल, दार-खिडकी म्हणजे पोर्टल, आणि एका सेलमधून पोर्टलांच्या रांगेतून सरळ रेघ जाऊ शकते का ते तपासायचं. रेघ जात नसेल तर पलीकडची खोली यादीतच नाही. या यादीला पीव्हीएस म्हणतात, पोटेन्शियली व्हिजिबल सेट. 1996 ला क्वेक गेम आला त्याच्या लेव्हल याच कल्पनेवर चालायच्या.

बर्कलीवाल्यांची बिल्डिंग पण स्वतःचीच, सोडा हॉल, तीही बांधायच्या आधी, आर्किटेक्टच्या ऑटोकॅड प्लॅनवरून उभी केलेली. फर्निचरसकट सुमारे 14 लाख पॉलिगॉन, म्हणजे ज्या छोट्या सपाट तुकड्यांनी मॉडेल बनतं ते. सेकॅन यांचाच दुसरा विद्यार्थी टॉम फंकहाउझर, त्याने 1993 मध्ये प्रश्नच उलटा केला. एवढं सगळं काढायला किती वेळ लागेल ते विचारू नका, वेळ आधी ठरवा, आणि तेवढ्यात कुठली वस्तू किती तपशिलात काढली तर चित्र सर्वात चांगलं दिसेल ते दर फ्रेमला निवडा. रिअल-टाइम म्हणजे नेमकं हे, वेळेचं बजेट.

आता नाशिकच्या मेलकडे या. ब्राउझरचा प्रश्न 2011 मध्ये वेबजीएल, म्हणजे ब्राउझरला ग्राफिक्स चिप वापरू देणारी सोय, आल्यावर सुटला, थ्री जेएस ही थ्रीडी दाखवायची तयार लायब्ररी त्याच्या आदल्या वर्षी आलेली होती, त्यामुळे प्लगइन वगैरे भानगड नाही. सेकंदाला 60 फ्रेम हव्या तर एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, जुन्या लॅपटॉपवर 30 वर समाधान माना, तेव्हा 33. आता एक लॅब घ्या, 60 खुर्च्या, खुर्चीचं मॉडेल नेटवरून फुकट उतरवलेलं, 30 हजार त्रिकोणांचं (फुकटातली मॉडेलं अशीच असतात, गाद्यांची शिलाईसुद्धा कोरलेली). झाले 18 लाख. एका लॅबच्या खुर्च्या सोडा हॉलच्या अख्ख्या मॉडेलला भारी!

थ्री जेएस नजरेच्या चौकटीबाहेरची वस्तू आपोआप सोडते, पण भिंतीआडची सोडत नाही. आणि मुलं हमखास काय करतात, सगळा कॅम्पस एकच मेश, म्हणजे त्रिकोणांची एकच सलग जाळी, म्हणून एक्सपोर्ट करतात, मग त्याचा एखादा कोपरा जरी दिसला तरी सगळंच काढलं जातं. उलट प्रत्येक खुर्ची वेगळी ठेवली तर ड्रॉ कॉल, म्हणजे ‘हे काढ’ असे चिपला दिलेले हुकूम, वाढतात, ते `renderer.info.render.calls` मध्ये दिसतात. मधला रस्ता म्हणजे मजल्यागणिक तुकडे, आणि एकसारख्या खुर्च्यांना `InstancedMesh`, त्यात सगळ्या खुर्च्या एकाच कॉलमध्ये काढल्या जातात. नेमकं कुठे अडकतंय हे कळायला एक सोपी युक्ती, विंडो लहान करा. स्पीड वाढला तर पिक्सेल रंगवण्यात वेळ जातोय, तसाच राहिला तर त्रिकोण किंवा कॉल जास्त झालेत.

बर्कलीची युक्ती मात्र इथे जशीच्या तशी चालणार नाही. सोडा हॉलची मांडणी बंद खोल्यांची, दारांमधून थोडंच दिसायचं. आपल्याकडच्या कॉलेजला मधे मोकळा चौक आणि चारी बाजूंनी उघड्या गॅलऱ्या असतात, दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहिलं की समोरच्या तिन्ही मजल्यांची सगळी दारं दिसतात, शिवाय खाली पार्किंग, म्हणजे पीव्हीएसची यादी जवळजवळ अख्खी बिल्डिंग. तिथे क्लार्कची युक्ती लागते, चौकापलीकडचं सगळं कमी तपशिलात. पीव्हीएस कामाला येते ती वर्ग आणि लॅबच्या आत. बाहेरून बघताना तर बिल्डिंग नुसतं टरफल ठेवायची, आतलं सामान दारातून आत पाय टाकल्यावरच लोड करायचं.

म्हणून मेलमध्ये मॉडेलिंगचं पान कमी करून तिने चार ओळी घातल्या: ‘सर, टार्गेट 33 मिलिसेकंद, लॅबमधल्या साध्या मशीनवर. फेज वनला एकच बिल्डिंग, चौकासकट. गेट, गॅलरी आणि लॅब या तीन जागांवरून फ्रेमचा वेळ मोजू, आधी काहीच न गाळता आणि मग गाळून, आणि दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये देऊ.’ सरांचं उत्तर दुपारी आलं, सिनॉप्सिस घेऊन ये, आणि चौथी जागा म्हणून गच्ची घाल, तिथून सगळंच दिसतं.