इतिवृत्ताचा गोषवारा

इतिवृत्ताचा गोषवारा : सभेच्या सविस्तर, बहुधा पसरट इतिवृत्तातून निर्णय, तो पार पाडणारी व्यक्ती आणि मुदत एवढेच वेचून केलेली संक्षिप्त नोंद.

‘गोषवारा’ हा शब्द फार्सी ‘गोश्वारा’वरून आला. फार्सीत त्याचे दोन अर्थ आहेत : कानातला दागिना आणि हिशेबाचा सारांश. दुसरा अर्थ कसा आला याविषयी दोन तर्क संभवतात. ‘गोश’ म्हणजे कान. मोठ्या हिशेबाला कानातल्यासारखा जोडलेला लहान कागद तो गोश्वारा, हा एक. ‘गोशा’ म्हणजे कोपरा; कागदाच्या कोपऱ्यात मांडलेली बेरीज, हा दुसरा. शब्दाच्या घडणीकडे पाहता पहिला तर्क अधिक जुळतो, पण तो निर्णायक मानता येत नाही. दफ्तरी भाषेतील इतर फार्सी शब्दांप्रमाणे हाही बहमनी काळापासून पुढे केव्हातरी मराठीत रुळला असावा. मोल्सवर्थच्या कोशात तो हिशेब वगैरेंच्या संक्षेपासाठी आहे. सभेच्या नोंदीला तो लावण्याची रीत त्यामानाने अलीकडची दिसते.

हिशेबाच्या गोषवाऱ्यात रकमा गाळल्या तर बेरीज चुकते आणि चूक लगेच कळते. इतिवृत्तात असा ताळा आपोआप मिळत नाही, म्हणून वाक्यातील क्रियापद पाहावे लागते. ‘ठरले’, ‘मंजूर झाले’, ‘संमती दिली’ ही निर्णयाची क्रियापदे. ‘सुचवण्यात आले’, ‘अपेक्षा व्यक्त झाली’, ‘चर्चा झाली’ ही नव्हेत. मराठीत आणखी दोन अडचणी आहेत. ‘करण्यात यावे’ या कर्मणी रचनेत कर्ता लपतो. ‘त्यांनी’ हे आदरार्थी एका व्यक्तीलाही लागते आणि अनेकांनाही, त्यामुळे जबाबदारी एकाची की समितीची हे शब्दावरून कळत नाही. अशा ठिकाणी नाव तर्काने भरू नये. इतिवृत्त लिहिणाऱ्याला विचारावे, नाहीतर ‘जबाबदारी नमूद नाही’ असे लिहावे.

एका गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापक समितीची ६ जुलै २०२५ रोजीची सभा उदाहरणादाखल कल्पावी. इतिवृत्तातील मजकूर असा : ‘गच्चीवरील टाकीच्या गळतीवर बराच वेळ चर्चा झाली. सचिवांनी तीन दरपत्रके मागवावीत असे सुचवण्यात आले. मागील ठेकेदाराची अनामत काम पाहूनच द्यावी, असे खजिनदार म्हणाले. दरपत्रके पंधरा दिवसांत यावीत असे ठरले. सचिव गावी जाणार असल्याने हे काम सहसचिवांकडे द्यावे, असे अध्यक्षांनी म्हटले व सर्वांनी संमती दिली. दुरुस्ती गणपतीपूर्वी व्हावी अशी अपेक्षा व्यक्त झाली.’

घाईने केलेल्या संक्षेपात येथे जबाबदारी सचिवांच्याच नावे लिहिली जाते, कारण त्यांचे नाव आधी येते. योग्य गोषवारा असा होईल : ‘टाकी दुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागवणे : सहसचिव, २१ जुलै २०२५ पर्यंत. दुरुस्ती २७ ऑगस्टपूर्वी (गणेशचतुर्थी) व्हावी ही अपेक्षा. निर्णय नाही, जबाबदारी नमूद नाही. अनामतीबाबत खजिनदारांचे मत नोंदले, निर्णय नाही.’ मुदत कामाला दिली होती, म्हणून माणूस बदलला तरी ती कायम राहते. ‘पंधरा दिवस’ सभेच्या तारखेपासून मोजून कॅलेंडरची तारीख लिहिली आहे. इतिवृत्त हाती पडल्याच्या दिवसापासून मोजले असते तर मुदत नकळत वाढली असती. ‘परवा’ हा शब्द तर मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस दाखवतो, त्यामुळे तो तारखेत बदलल्याशिवाय ठेवू नये.

पडताळणी उलट दिशेने करतात. गोषवाऱ्यातील प्रत्येक ओळ इतिवृत्तातील कोणत्या वाक्यावर उभी आहे ते बोटाने दाखवता आले पाहिजे. मग मूळ मजकुरातील सर्व तारखा, मुदती आणि पदनामे अधोरेखित करून एकेक गोषवाऱ्यात शोधावे. जे सापडत नाही ते जाणूनबुजून गाळले की निसटले, हे ठरवावे. वरील उदाहरणात सचिवांचे पद जाणूनबुजून गाळलेले आहे.

गोषवारा इतिवृत्ताची जागा घेत नाही. कंपन्यांच्या बाबतीत कंपनी अधिनियम २०१३च्या कलम ११८नुसार सभेपासून ३० दिवसांत इतिवृत्त नोंदवहीत यावे लागते. संचालक मंडळाच्या सभांसाठी भारतीय कंपनी सचिव संस्थेच्या मानकानुसार मसुदा १५ दिवसांत सदस्यांकडे जातो व त्यावर ७ दिवसांत अभिप्राय द्यायचा असतो. गोषवारा बहुधा याआधीच वाटला जातो. म्हणून त्यावर ‘मसुद्यावरून’ अशी खूण असावी, आणि इतिवृत्तात पुढे नाव वा तारीख दुरुस्त झाली तर सुधारित गोषवारा नव्या तारखेनिशी त्याच व्यक्तींना पुन्हा पाठवावा.