कर्ज फिटलं, पण आरसीवरचा बोजा उतरला का?
(गाडी विकायला आणण्याआधी ग्राहकांनी वाचावं असं माहितीपत्रक)

गाडी विकायला येणारे बरेच जण सांगतात, "कर्ज कधीचंच फिटलं, एनओसी घरी कपाटात आहे." आरसी हातात घेतली की बँकेचं नाव, म्हणजेच बोजा, मात्र तसाच दिसतो. बँकेनं खातं बंद केलं तरी आरटीओच्या नोंदीत काहीच बदलत नाही. बोजा उतरवण्याचा अर्ज मालकाला स्वतः करावा लागतो आणि तो होईपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो एनओसी जपून ठेवल्यामुळे. या पत्राला मुदत असते, बहुधा तीन महिन्यांची, आणि ती पत्रावरच छापलेली असते. मानेवाड्याच्या एका ग्राहकाचं असंच झालं. कर्ज २०२१ मध्ये फिटलं, एनओसी त्याच वर्षीची, फाइलमध्ये अगदी कोरी करकरीत. गिऱ्हाईक मिळालं, सौदा ठरला. घेणाराही कर्ज काढूनच गाडी घेत होता आणि जुन्या बँकेचं नाव असेपर्यंत त्याची बँक पैसे सोडायला तयार नव्हती. नवी एनओसी मागायला गेले तर मूळ बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, कर्जाचं खातं दुसऱ्या शाखेकडे गेलेलं. कागद हाती येईपर्यंत घेणाऱ्यानं दुसरी गाडी घेतली.

म्हणून विकायचं मनात आलं की गिऱ्हाईक शोधण्याआधी बँकेकडे लेखी अर्ज द्या. त्यात कर्ज खाते क्रमांक, गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख लिहा. मागणी दोन गोष्टींची करा: एनओसी, आणि बोजा उतरवण्यासाठी लागणाऱ्या फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्यासह दोन प्रती. नुसती एनओसी घेऊन येणारे फार आहेत, त्यांना फॉर्म ३५ साठी पुन्हा शाखेत जावं लागतं. अर्जाची पोच जरूर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि नोंदवलेला बोजा काढणं बँकेवर बंधनकारक आहे, तरी आरटीओतला अर्ज मालकालाच करावा लागतो. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा आदेश १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांना लागू आहे. खासगी वापराच्या गाडीचं कर्ज यात येतं, धंद्याच्या गाडीचं येत नाही.

कागद मिळाले की काउंटरवरच वाचा. चेसिस नंबर १७ अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी 'ओ' आणि 'आय' ही अक्षरं वापरतच नाहीत. शून्याच्या जागी 'ओ' टाइप झाला असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. नाव आरसीप्रमाणे आहे का, शिक्का दोन्ही प्रतींवर आहे का, तेही बघा. आरसीवर विलीन झालेल्या बँकेचं नाव असेल तर एनओसीत जुन्या नावाचा उल्लेख हवा. उदाहरणार्थ, देना बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात आहे. अशा गाडीच्या पत्रात दोन्ही नावं असलेली बरी.

पुढचा अर्ज परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर होतो. आरसीच्या नोंदीतला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर आधी तो बदलावा लागतो, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जातो. एमएच ३१ ची गाडी असेल तर नागपुरातलं गिरीपेठचं आरटीओ कार्यालय. एमएच ४९ आणि एमएच ४० ची कार्यालयं वेगळी आहेत. काही बँका एनओसी थेट पोर्टलवर पाठवतात, तेव्हा शाखेत आधी तेही विचारा.

बोजा उतरवणं आणि नाव बदलणं हे दोन्ही अर्ज एकत्र करता येतात, मग आम्ही आधी बोजाच का उतरवायला सांगतो, असं ग्राहक विचारतात. एकत्र केले की एनओसीतल्या एका चुकीपायी नाव बदलणंही अडतं, आणि तोवर घेणाऱ्याचे पैसे अडकलेले असतात. म्हणून ऑनलाइन नोंदीत बँकेचं नाव गेलेलं दिसल्याशिवाय आम्ही घेणाऱ्याकडून बयाणा घेत नाही, तुमच्याकडून नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्याही घेत नाही. चार दिवस जास्त लागतात, पण ठरलेला सौदा मोडत नाही.

विम्याच्या पॉलिसीवरही बँकेचं नाव असतं. नवी आरसी दाखवून विमा कंपनीकडून ते काढून घ्या.

आरसी आणि असेल ती एनओसी घेऊन कार्यालयात या. नोंद तपासून देण्याचे आणि बँकेचा अर्ज लिहून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही, गाडी आमच्याकडून विकली नाही तरीही.