श्वसनविषाणूंचे पॅनेल : यादी लांबली, औषधे मोजकीच

पूर्वी विषाणू ओळखायचा तर नाका-घशातला नमुना जिवंत पेशींवर वाढवत ठेवायचा आणि वाट पाहायची. उत्तर यायला कधी आठवडाही लागे, आणि तोवर उपचाराचा निर्णय केव्हाच होऊन गेलेला असे. पीसीआरमुळे वेळ वाचला, पण एका चाचणीत एखाद-दुसराच विषाणू सापडे. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने एका नमुन्यात डझनभर विषाणू शोधणारे पॅनेल पहिल्यांदा मान्य केले. पुढच्या काही वर्षांत नमुना बंद पाउचमध्ये भरला की साधारण तासाभरात निकाल देणारी यंत्रे आली.

विषाणू लवकर कळला तर प्रतिजैविके कमी दिली जातील, अशी आशा होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनला ७२० प्रौढ रुग्णांवर ती पडताळून पाहिली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा झटपट चाचणीच्या गटात ८४ टक्के आणि नेहमीच्या गटात ८३ टक्के रुग्णांना प्रतिजैविके मिळालेली होती. मला या आकड्यांपेक्षा त्यांचे कारण महत्त्वाचे वाटते : अनेकांना पहिला डोस निकालाआधीच दिला गेला होता. तरीही झटपट चाचणीच्या गटात प्रतिजैविक एक-दोन दिवसांत थांबवल्याची उदाहरणे जास्त होती आणि रुग्णालयातला मुक्कामही सरासरी दिवसभराने कमी झाला.

निकालाने उपचार कधी बदलतो, हे एका कल्पित रुग्णावरून पाहू. सत्तरीचे गृहस्थ, सीओपीडी या दीर्घकालीन फुप्फुसविकाराचा जुना त्रास, दोन दिवस ताप, ऑक्सिजन कमी, एक्स-रेवर डाग. पॅनेलमध्ये इन्फ्लुएन्झा ए हा फ्लूचा विषाणू आला, तर ओसेल्टामिविर हे विषाणूरोधक औषध ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा कमी. खरे तर फ्लूची साथ असताना अशा रुग्णाला हे औषध निकालाची वाट न पाहताच सुरू करायचे असते. निकाल नकारात्मक आला तरी ते लगेच बंद करू नये, कारण संसर्ग खाली फुप्फुसात असताना नाकाचा नमुना कोरा येऊ शकतो. फुप्फुसातल्या स्रावाचा नमुना मिळाला तर त्यावर जास्त भिस्त ठेवता येते.

आता त्यांच्याच अहवालात ऱ्हायनोव्हायरस हा साध्या सर्दीचा विषाणू आला असे समजा. त्यावर नेमके औषध नाही. शिवाय सर्दी बरी झाल्यावरही त्याचा आरएनए काही आठवडे नाकात सापडतो, म्हणजे हा मागच्या महिन्याच्या सर्दीचा अवशेषही असू शकतो. त्याच्या भरवशावर प्रतिजैविक थांबवले आणि तो डाग जिवाणूजन्य न्यूमोनियाचा निघाला, तर रुग्ण संकटात सापडतो. इथे निर्णय एक्स-रे, रक्ततपासणी आणि रुग्णाचा चढ-उतार पाहूनच घ्यावा लागतो.

मात्र याच गृहस्थांचे अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेले असते आणि अहवालात आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा विषाणू आला असता, तर गोष्ट वेगळी. हा विषाणू अशा रुग्णाच्या फुप्फुसात उतरू शकतो, म्हणून काही केंद्रे तेव्हा रिबाविरिन या विषाणूरोधक औषधाचा विचार करतात. त्याचा पुरावा भक्कम नाही, तरी निर्णय त्या एका नावावरच फिरतो.