पोस्टर छापायला देण्याआधी: चित्रावरची अक्षरं सगळ्यांना वाचता येतील का?

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक जलरंगासारखं, वारली पद्धतीचं किंवा पोस्टर-इफेक्ट दिलेलं तयार चित्र आणतात आणि त्यावर मजकूर टाकून मागतात. नुसतं चित्र छान दिसतं, पण मजकूर चढला की अडचणी सुरू होतात. आम्ही काय तपासतो ते एका नमुन्यावर सांगतो.

गणेश विसर्जनाच्या मार्गाचा फलक समजा. मागे भगव्या जलरंगाचे फटकारे आणि त्यावर पांढरा मथळा. खाली हिरव्या पट्टीवर लाल अक्षरांत वेळ. नकाशात बंद रस्ते लाल, चालू रस्ते हिरवे. संगणकावर हे झकास दिसतं.

पहिली तपासणी उजळपणाची. दोन रंगांच्या उजळपणातला फरक एका आकड्यात मांडता येतो. काळ्यावर पांढरं असेल तर तो आकडा २१, आणि दोन्ही रंग एकच असतील तर १. वेबसाइटसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ मागितलेले आहेत. हे आकडे पडद्यासाठीचे आहेत. छापताना शाई रंग थोडा मळवते, म्हणून रस्त्यावरच्या फलकासाठी आम्ही ७ च्या आसपास धरतो. आमच्या नमुन्यात भगवा (#FF9933) आणि पांढरा यांचा आकडा जेमतेम २.१ येतो. हिरव्या (#008000) पट्टीवरचा लाल (#FF0000) तर १.३ वरच थांबतो. लाल-हिरवा डोळ्यांत भरतो, पण दोघांचा उजळपणा जवळजवळ सारखा असतो. म्हणूनच लांबून ती वेळ वाचता येत नाही, अगदी निर्दोष नजरेलाही.

हा आकडा काढायला मोफत कॉन्ट्रास्ट-तपासणी साधनं मिळतात, दोन्ही रंगांचे कोड टाकायचे एवढंच. मात्र जलरंगाच्या चित्रात रंग कुठून उचलायचा हे महत्त्वाचं. फटकाऱ्यातला एकच ठिपका उचलला तर आकडा फसवतो. फोटोशॉपमध्ये आयड्रॉपरचा Sample Size `5 by 5 Average` ठेवा. पांढऱ्या अक्षरांसाठी त्यांच्याखालचा सर्वांत फिकट भाग मोजा, गडद अक्षरांसाठी सर्वांत गडद. तिथे पास झालं तरच पास.

कोणी सांगतं, चित्र कृष्णधवल करून बघा. सल्ला बरोबर आहे, फक्त फोटोशॉपचं `Desaturate` वापरू नका. त्यात शुद्ध लाल, शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा हे तिन्ही एकाच करड्या रंगात जातात, म्हणजे निळ्यावरची पिवळी अक्षरं दिसेनाशी होतात, जी खरं तर उत्तम वाचता येतात. `Image > Mode > Grayscale` वापरा, आणि तेही फाइलच्या प्रतीवर.

दुसरी तपासणी रंगांधतेची. लाल-हिरव्यात फरक न कळणं हा तिचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, आणि तो पुरुषांत बराच जास्त दिसतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये `View > Proof Setup` खाली `Color Blindness` चे दोन पर्याय आहेत, `Protanopia-type` आणि `Deuteranopia-type`. दोन्ही लावून बघा. नमुन्यातल्या नकाशावर लावले तर बंद आणि चालू रस्ते दोन्ही मातकट-पिवळसर होतात, कुठून जायचं ते कळत नाही. पडद्यावर दिसतं ते लाल-हिरव्या रंगांधतेच्या तीव्र रूपाचं चित्र आहे. अनेकांची रंगांधता सौम्य असते, तेव्हा त्यांना याहून बरं दिसतं.

`Protanopia-type` आवर्जून बघायचं कारण वेगळं आहे. त्यात लाल रंग काळपट दिसतो. काळ्यावर लाल अक्षरं आकड्यात ५.३ ला पास होतात, पण अशा वाचकाला ती काळ्यात बुडालेली दिसतात. म्हणजे आकडा आणि रंगांधता, दोन्ही तपासण्या लागतात.

नमुना असा सुधारला. मथळ्यामागे साय-रंगाची (#FFF8E1) पट्टी टाकून अक्षरं गडद मरून (#8B0000) केली, आकडा ९.४ वर गेला. पट्टी न टाकता तोच मरून थेट भगव्यावर ठेवला असता तर ४.७ आला असता; घरातल्या नोटिशीला पुरेल, चौकातल्या फ्लेक्सला नाही. हिरव्या पट्टीवरची वेळ पांढरी केली, तिथे ५.१ आला. आमच्या सातपेक्षा कमीच, म्हणून अक्षरं जाड आणि मोठी घेतली. नकाशात बंद रस्ता तुटक रेघेने दाखवून त्यावर ‘बंद’ लिहिलं, चालू रस्ता अखंड ठेवला. रंग तेच राहिले, फक्त अर्थ एकट्या रंगावर सोपवलेला नाही. चित्राचा भगवा आम्ही बदलला नाही. मंडळाला तोच हवा असतो आणि बदलायची गरजही नव्हती.

फाइल देताना मजकूर चित्रात मिसळून टाकू नका. चित्र आणि अक्षरं वेगळ्या लेयरवर असलेली मूळ फाइल द्या. जेपीजी दिलीत तर पट्टी टाकण्यापलीकडे आम्हाला फारसं काही करता येत नाही. फलक उन्हात लागणार असेल तर तसं सांगा, कारण लाल आणि पिवळी शाई सहसा निळ्याच्या आधी उडते आणि आज पास झालेली लाल ओळ काही आठवड्यांनी फिकी पडू शकते.